फारकतीचा कागद अमेरिकेत चालला नाही : लातूर जिल्ह्यातल्या एका ताईचं पूर्ण प्रकरण

मी लातूरला मराठी-इंग्रजी भाषांतराचं काम करतो, जास्त करून सातबारा, जन्माचे दाखले, कोर्टाचे निकाल असे कागद. या प्रकरणातले बहुतेक कागद माझ्या हातून गेलेत त्यामुळं ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत मला माहीत आहे. ताईंनी लिहायला परवानगी दिली आहे, फक्त नाव-गाव लिहू नका म्हणाल्या, म्हणून ताईच म्हणतो.

ताईंचं पहिलं लग्न २०१३ ला झालं, नांदेडकडच्या मुलाशी. पटलं नाही, २०१५ ला त्या माहेरी आल्या त्या परत गेल्याच नाहीत. मे २०१६ मध्ये दोन्हीकडचे मामा, चुलते, गावातले चार मोठे लोक बसले आणि फारकत झाली. म्हणजे शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की आम्ही उभयता आजपासून एकमेकांपासून विभक्त होत आहोत, देणंघेणं मिटलं, यापुढं दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे. खाली दोघांच्या सह्या, पाच साक्षीदार, आणि नोटरीचा शिक्का, लाल सील. आपल्याकडं गावोगाव असंच होतं, कोणी काडीमोड म्हणतं, कोणी सोडचिठ्ठी. कोर्टाचं कोणी नावच काढलं नाही. पहिल्या नवऱ्यानं पुढच्याच वर्षी दुसरं लग्न केलं, त्याला आता दोन लेकरं आहेत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ताईंचं दुसरं लग्न झालं. पाहुणे, म्हणजे नवरदेव, मूळचे आपल्याच भागातले, पण कॉलेजपासून अमेरिकेत, आता तिथलेच नागरिक. त्यांचं हे पहिलंच लग्न. हळद, लग्न, जेवणावळ सगळं रीतसर झालं आणि ग्रामपंचायतीत विवाह नोंदणीही झाली. तिथं वधूची स्थिती घटस्फोटित लिहिली आणि पुरावा म्हणून फारकतीची झेरॉक्स लावली. ती कोणी वाचली की नाही माहीत नाही, पण सर्टिफिकेट मिळालं, आणि ते हातात आल्यावर सगळ्यांना वाटलं की सरकारनंच मान्य केलं, आता काय राहिलं.

इथंच पहिली गाठ बसली. विवाह नोंदणी करणारा अधिकारी लग्न झाल्याची नोंद घेतो, पण ती नोंद झाली म्हणून आधी कायम असलेलं लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये पहिलीच अट आहे की लग्नाच्या वेळी दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, आणि ही अट मोडली तर कलम ११ खाली ते लग्न मुळातच निरर्थक, कायद्याच्या भाषेत शून्य. मग ताईंच्या बाबतीत सगळा प्रश्न एवढाच उरतो की २०१६ च्या कागदानं पहिलं लग्न संपलं होतं का?

लोक म्हणतात फारकतीला कायद्यात काहीच किंमत नाही, तेही अर्धंच खरं आहे. कलम २९ च्या उपकलम २ मध्ये लिहिलंय की एखाद्या समाजात रूढीनं घटस्फोट घेता येत असेल तर तो हक्क हा कायदा काढून घेत नाही. पण ती रूढी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी जो म्हणतो त्याच्यावर, आणि सुप्रीम कोर्टानं २००२ च्या एका निकालात हे स्पष्ट केलंय की असा घटस्फोट हा कायद्याला अपवाद आहे, त्यामुळं रूढी आहे हे आधी नेमकं मांडावं लागतं आणि मग पुराव्यानं शाबित करावं लागतं. म्हणजे आमच्या समाजात पिढ्यानपिढ्या असंच चालत आलंय हे साक्षीदार, जुनी उदाहरणं, जुने कागद यातून कोर्टासमोर उभं करायचं. ते काम नोटरीचं नाही. नोटरी फक्त एवढंच सांगतो की या माणसांनी माझ्यासमोर सही केली.

आता अमेरिकेच्या बाजूनं. नागरिक असलेल्या नवऱ्यानं बायकोसाठी आय-१३० नावाचा अर्ज भरायचा असतो, तो तिथल्या इमिग्रेशन खात्याकडं जातो, मंजूर झाला की मग कागद नॅशनल व्हिसा सेंटरकडं आणि शेवटी मुंबईच्या कॉन्सुलेटला मुलाखत. या अर्जात दोघांच्याही आधीच्या लग्नांची माहिती विचारतात, कोणाशी झालं होतं आणि कधी संपलं, आणि प्रत्येक आधीचं लग्न कायदेशीर संपल्याचा पुरावा जोडावा लागतो. तिथले अधिकारी हे लग्न जिथं झालं तिथल्या कायद्यानं वैध आहे का ते बघतात. म्हणजे न्यू जर्सीत बसलेला माणूससुद्धा शेवटी आपल्याच हिंदू विवाह कायद्याचा प्रश्न विचारतो, आणि आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा बारकाईनं विचारतो.

पाहुण्यांनी जून २०२२ मध्ये अर्ज भरला आणि एक गोष्ट फार चांगली केली, काही लपवलं नाही. ताईंचं पहिलं लग्न लिहिलं, ते संपल्याची तारीख म्हणून फारकतीची तारीख लिहिली, फारकतनामा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं. कोणीतरी सल्ला दिला होता की पहिलं लग्न नोंदणी झालेलंच नाही तर लिहूच नका, कोणाला कळणार आहे. हा सल्ला ऐकला असता तर प्रकरण तिथंच कायमचं संपलं असतं, कारण व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असं ठरलं तर अमेरिकेत प्रवेशाला आयुष्यभराची बंदी लागू शकते. कागद कमी पडला तर भरून काढता येतो, खोटं निघालं तर ते फार अवघड.

मे २०२३ मध्ये खात्याकडून पत्र आलं, आणखी पुरावा मागणारं. त्यात म्हटलं होतं की जोडलेला दस्तऐवज हा दोन व्यक्तींमधला खाजगी करार दिसतो, सक्षम न्यायालयाचा अंतिम घटस्फोटाचा हुकूमनामा द्या किंवा हा घटस्फोट भारतीय कायद्यानं वैध आहे हे दाखवा. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस, वर टपालाचे थोडे. मुदत वाढवून मिळत नाही आणि उत्तर एकदाच द्यायचं असतं. ते पत्र घेऊन ताईंचे वडील माझ्याकडं आले, तेव्हा मी पहिल्यांदा हा विषय बघितला. काका म्हणाले, "सर, सगळं कायदेशीर केलंय की ओ, लाल सील हाय बगा, मग हे काय मागूलालेत?"

फारकतनाम्याचं आधीचं भाषांतर पण मी तेव्हाच बघितलं, ते दुसऱ्या कोणीतरी केलेलं होतं. आपल्या मराठवाड्यात जुन्या पद्धतीनं बाईच्या नावापुढं भ्र. लिहितात, म्हणजे भ्रतार, नवरा. अमुक भ्र. तमुक म्हणजे तमुकची बायको. तसंच पि. म्हणजे पिता. भाषांतर करणाऱ्याला ते माहीत नसावं, त्यानं भ्र. हे अक्षर तसंच्या तसं मधलं नाव म्हणून इंग्रजीत उतरवलं होतं, आणि साक्षीदारांच्या नावातला पि. पण तसाच. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वाटणार की पासपोर्टवरची बाई आणि या कागदावरची बाई वेगळी आहे. खात्याच्या नियमात भाषांतर नोटरी केलेलं असावं असं कुठं नाही. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात असं भाषांतरकारानं सही करून लिहून द्यायचं असतं, बस. पण त्या सहीमागं माणसाला मराठवाड्याचे कागद वाचता आले पाहिजेत ना.

काकांना मी लातूरच्या एका वकील मॅडमकडं पाठवलं. मॅडमनी दोन वाटा समोर ठेवल्या आणि दोन्हीचा हिशेब नीट समजावला, तो मला फार पटला म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली वाट म्हणजे कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं की २०१६ ची फारकत ही रूढीप्रमाणे वैध घटस्फोट होती. हे जमलं तर त्याचा मोठा फायदा म्हणजे २०२२ चं लग्न वाचतं, कारण मग त्या दिवशी ताई खरंच मोकळ्या होत्या असं ठरतं. पण त्यासाठी दावा, साक्षीपुरावे, उलटतपासणी, रूढी शाबित करणं, आणि याला किती वर्षं लागतील कोणी सांगू शकत नाही. समजा समाजात तशी पक्की रूढी शाबित झालीच नाही तर सगळी वर्षं वाया. ८४ दिवसांत तर काहीच होणार नव्हतं.

दुसरी वाट, सरळ आजच्या तारखेला पहिल्या नवऱ्यापासून परस्पर संमतीनं कोर्टातून घटस्फोट घ्यायचा, कलम १३ब खाली. हे लवकर होतं. पण त्यात एक कडू गोष्ट आहे जी ताईंच्या घरच्यांना पचायला चार दिवस लागले. कोर्टाचा घटस्फोट २०२३ च्या तारखेचा असणार, आणि तो मागं जाऊन २०२२ चं लग्न दुरुस्त करत नाही. म्हणजे २०२२ ला ताई कायद्यानं पहिल्याच नवऱ्याच्या बायको होत्या हे आपणच मान्य करतोय, ते लग्न निरर्थक, आणि घटस्फोटानंतर त्याच पाहुण्यांशी पुन्हा लग्न करावं लागणार. वहीतली नोंद दुरुस्त करून चालत नाही, लग्नच नव्यानं करावं लागतं. अमेरिकेचा अर्जही नवा, फी पुन्हा, कारण अर्ज भरायच्या दिवशी वैध लग्न असावं लागतं, नंतर झालेलं लग्न जुन्या अर्जाला चिकटवता येत नाही.

बऱ्याच लोकांचं इथंच चुकतं, म्हणून जरा जोर देऊन सांगतो. घटस्फोटाचा हुकूमनामा मिळवतात, तो खात्याला पाठवतात आणि वाटतं काम झालं. मग अधिकारी दोन तारखा शेजारी ठेवतो, हुकूमनाम्याची आणि दुसऱ्या लग्नाची. लग्नाची तारीख आधीची दिसली की अर्ज नामंजूर. कागद खरा, शिक्का खरा, पण क्रम उलटा.

मॅडमनी दुसरी वाट घ्यायला सांगितली. पाहुण्यांनी जुलै २०२३ मध्ये पहिला अर्ज लेखी पत्र देऊन स्वतः मागं घेतला, कारण पत्रात सगळं प्रामाणिकपणे लिहिता आलं, की फारकत वैध आहे असं समजून आम्ही वागलो, आता कोर्टातून घटस्फोट घेऊन नव्यानं अर्ज करू.

आता खरी अडचण, पहिला नवरा. संमतीचा घटस्फोट म्हणजे दोघांची सही, दोघांची हजेरी. तो घाबरला. त्याचंही दुसरं लग्न त्याच फारकतीवर झालेलं, म्हणजे त्याचं लग्नही तसंच लटकलेलं. गावात कोणीतरी त्याला सांगितलं की कोर्टात गेलास तर दोन बायका केल्या म्हणून जेलात टाकतील. भीती अगदी खोटी नव्हती, जोडीदार हयात असताना दुसरं लग्न हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ चा गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेत तो कलम ८२ ला आहे. पण त्याची तक्रार त्या गुन्ह्यानं पीडित झालेल्या व्यक्तीनंच करायची असते, म्हणजे मुख्यतः पहिल्या बायकोनं, किंवा तिच्या वतीनं जवळच्या नातेवाइकानं. इथं पहिली बायको म्हणजे ताईच, आणि तसंच उलट बाजूनं ताईंच्या विरोधात तक्रार करू शकणारा माणूस म्हणजे तोच. मॅडमनी दोघांकडून तडजोडीच्या अटींमध्येच लिहून घेतलं की या फारकतीवरून किंवा नंतरच्या लग्नांवरून कोणीही कोणावर दिवाणी-फौजदारी काही करणार नाही. त्याच्या बायकोची वेगळी काळजी, लेकरांचं काय. तिला मॅडमनी स्वतः फोनवर सांगितलं की कलम १६ प्रमाणे लग्न निरर्थक ठरलं तरी लेकरं औरसच असतात, आईवडिलांच्या मालमत्तेतला त्यांचा हक्क जात नाही, आणि हा घटस्फोट झाला की तुम्हीसुद्धा रीतसर लग्न करून नोंद करून घ्या. त्यानंतर ती बाईच नवऱ्याला घेऊन आली. मला वाटतं हा फोन नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

याचिका ताईंच्या माहेरच्या भागातल्या दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात टाकली. लग्न झालेलं ठिकाण, दोघं शेवटचं एकत्र राहिले ते ठिकाण असं चालतंच, पण बायको जिथं राहते तिथंही याचिका टाकता येते, २००३ च्या दुरुस्तीपासून. पहिल्या लग्नाची नोंदणी नव्हती, त्याचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका, फोटो आणि दोघांची शपथपत्रं दिली. याचिकेत फारकत लपवली नाही, उलट वेगळं राहायला केव्हा सुरुवात झाली त्याचा पुरावा म्हणून तोच कागद जोडला. फारकतनामा घटस्फोट म्हणून चालला नाही, पण २०१५ पासून वेगळे आहोत हे दाखवायला तो उपयोगी पडला.

१३ब मध्ये एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा कोर्टापुढं यावं लागतं. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दोघं आधीच दीड वर्षापेक्षा जास्त वेगळे असतील, समेटाचे प्रयत्न संपलेले असतील, देणंघेणं मिटलेलं असेल तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं. इथं आठ वर्षं झालेली. माफीचा अर्ज दिला, न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं, कोणाचा दबाव आहे का, परदेशाचं काम आहे म्हणून घाई करताय का. ताईंनी सरळ सांगितलं की हो, व्हिसासाठीच कळलं की आमचा घटस्फोट झालेलाच नव्हता. १८ ऑक्टोबर २०२३ ला घटस्फोट मंजूर झाला.

त्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन, पेढे घेऊन येतो, आता भाषांतर करून द्या. हातात काय होतं तर कोर्टाच्या वेबसाइटवरून काढलेली प्रिंट. तिच्यावर ना शिक्का ना सही, ती माहितीसाठी असते. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्यावी लागते, आणि तीही दोन कागदांची. एक न्यायनिर्णय, ज्यात न्यायाधीशांनी कारणं लिहिलेली असतात, आणि दुसरा हुकूमनामा, जो त्यावरून वेगळा काढला जातो आणि ज्यात लग्न विघटित करण्यात येत आहे हे वाक्य आणि तारीख असते. लोक बहुतेक वेळा न्यायनिर्णय घेतात आणि हुकूमनामा विसरतात. ताईंनी दोन्हीचे तीन-तीन संच काढले.

कोणाच्या घरात जुना कागद असेल आणि तो फारकत आहे की कोर्टाचा घटस्फोट हेच माहीत नसेल तर ओळखायची सोपी खूण सांगतो. कोर्टाच्या कागदावर वरच याचिकेचा क्रमांक आणि वर्ष असतं, अर्जदार-सामनेवाले असतं, न्यायाधीशांचं नाव-पद असतं, गोल शिक्का असतो आणि नकलेवर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली या तारखा असतात. अलीकडच्या प्रकरणांना सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो, तो ई-कोर्टच्या साइटवर टाकला की प्रकरण दिसतं. नोटरीच्या कागदावर नोटरीचा रजिस्टर नंबर आणि तिकीट असतं, कोर्टाचं काही नसतं. स्टॅम्पपेपर कितीचा आहे याचा काही संबंध नाही, पाचशेचा असला म्हणून तो हुकूमनामा होत नाही.

नावाचा घोळ होताच. ताईंचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. पहिल्या लग्नात सासरी परातीतल्या तांदळावर नवीन नाव लिहिलं होतं आणि त्या काळात काढलेल्या आधारवर तेच नाव. मॅडमनी हे आधीच हेरलं होतं, याचिकेच्या शीर्षकातच पासपोर्टवरचं नाव पूर्ण लिहून पुढं उर्फ म्हणून सासरचं नाव घातलं, त्यामुळं हुकूमनाम्यातही दोन्ही आली. एकदा हुकूमनामा निघाला की नाव बदलायला परत कोर्टात दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, म्हणून याचिका टाइप होतानाच पासपोर्ट समोर ठेवून स्पेलिंगसकट तपासावं.

मग थांबायचं होतं. कलम १५ सांगतं की अपिलाचा हक्क नसेल, किंवा अपिलाची मुदत संपली असेल आणि अपील नसेल, तेव्हा दोघं पुन्हा लग्न करू शकतात. कलम २८ प्रमाणे मुदत ९० दिवस. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही असं म्हणून लोक दुसऱ्याच आठवड्यात लग्न लावतात, पण मॅडम म्हणाल्या की एकदा तारखेनंच आपल्याला पाडलंय, पुन्हा तारखेवरून वाद नको. ९० दिवस १६ जानेवारीला संपत होते, नकलेला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत म्हणून त्यांनी जानेवारी पूर्ण जाऊ दिला, आणि मग कोर्टातून अपील दाखल नसल्याचा दाखला घेतला. अमेरिकेनं तो कधी मागितला नाही, पण विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात उपयोगी पडला.

पाहुण्यांशी पुन्हा लग्न यावेळी विशेष विवाह कायद्याखाली केलं. कारण त्याचं प्रमाणपत्र लग्न झाल्याचा निर्णायक पुरावा असतो, आणि विवाह अधिकारी लग्नाआधीच कागद बघतो, आपल्या ग्रामपंचायतीसारखं नंतर नाही. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला लागतो, ताई होत्याच. ५ फेब्रुवारी २०२४ ला नोटीस दिली, ती ३० दिवस लावलेली असते, पाहुणे तेवढे दिवस सुट्टी आणि घरून काम असं जमवून इथंच राहिले. त्यांच्याकडून पासपोर्ट, अविवाहित असल्याचं शपथपत्र घेतलं, आणि त्या शपथपत्रात २०२२ च्या विधीचा उल्लेख स्पष्ट केला, याच वधूशी असा विधी झाला होता आणि तो का निरर्थक आहे. कार्यालयातल्या बाईंनी दोनदा विचारलं की तुमचं सर्टिफिकेट आहेच की मग परत का. हुकूमनामा दाखवला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ११ मार्च २०२४ ला तीन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या. काकू म्हणाल्या, एकाच जावयाला दोनदा पाय धुवून घेतलं.

नवा आय-१३० २७ मार्चला ऑनलाइन भरला, ५३५ डॉलर फी. १ एप्रिलपासून तीच ऑनलाइन फी ६२५ झाली, म्हणून चार दिवस धावपळ केली होती. यावेळी सोबत एक पानाचं पत्र जोडलं, तारखांच्या क्रमानं सगळं लिहून: पहिलं लग्न, फारकत, २०२२ चा विधी, पहिला अर्ज मागं घेतला, कोर्टाचा घटस्फोट, २०२४ चं लग्न. आधी याच व्यक्तीसाठी अर्ज केला होता का या प्रश्नाला हो लिहिलं. हुकूमनामा आणि न्यायनिर्णय मराठीत होते, दोन्हीचं पूर्ण भाषांतर केलं, शिक्क्यावरचा मजकूर, नकलेच्या तारखा, मागच्या पानावरचा शेरा सगळं. भ्र. आलं तिथं त्याचा अर्थ लिहिला.

याच काळात एका एजंटनं काकांना पकडलं होतं. हुकूमनाम्याला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावतात तो सरकारी शिक्का, लावल्याशिवाय अमेरिका बघतसुद्धा नाही, आठ हजार द्या. मी थांबवलं. या व्हिसासाठी अमेरिका अपोस्टिल मागत नाही, मूळ किंवा प्रमाणित प्रत आणि भाषांतर पुरतं. अपोस्टिल कुठं लागतं हे देशावर आहे. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत हरकत घेतली, त्यामुळं भारतीय कागदाचं अपोस्टिल तिथं चालत नाही, तिथले अधिकारी दूतावासामार्फत कागदाची पडताळणी करून घेतात, त्यात वकील थेट कोर्टात आणि कधी गावात येऊन चौकशी करतो. म्हणून ज्या कार्यालयानं कागद मागितलाय त्यालाच विचारावं की त्याला काय चालतं, एजंटला नाही.

अर्ज जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाला, मग व्हिसा सेंटरला कागद अपलोड केले, त्यात जन्मदाखला, पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स, लग्नाचं प्रमाणपत्र, हुकूमनामा, नवऱ्याचे टॅक्सचे कागद. ऑक्टोबरमध्ये मुंबईला मेडिकल आणि मुलाखत. ताई मराठीतच बोलल्या. अधिकाऱ्यानं मूळ हुकूमनामा मागितला, तारीख बघितली, लग्नाच्या प्रमाणपत्राची तारीख बघितली आणि विचारलं, एकाच माणसाशी दोनदा लग्न का केलं? ताई म्हणाल्या, पहिल्यांदा केलं तेव्हा आमचा समज होता की मी मोकळी आहे, कायद्यानं नव्हते, कळल्यावर कोर्टातून घटस्फोट घेऊन पुन्हा केलं. फारकतनामा आणलाय का विचारलं, तोही दाखवला. पाच-सात मिनिटांत झालं.

व्हिसा मिळाला तो सीआर-१, म्हणजे शर्तीचा. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तुम्ही अमेरिकेत उतरलात तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळतं आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत शर्त काढायचा वेगळा अर्ज भरावा लागतो, आय-७५१. २०२२ चं लग्न वैध असतं तर हा प्रश्नच आला नसता, पण दोन वर्षं मोजायची ११ मार्च २०२४ पासून. व्हिसा मेडिकलच्या हिशेबानं एप्रिल २०२६ पर्यंत होता. मी ताईंना म्हटलं, ११ मार्चनंतरचं तिकीट काढा, उतरताना अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवा, मग सरळ दहा वर्षांचं कार्ड मिळेल आणि तो पुढचा अर्ज, फी, कागद वाचतील. ताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुमचं बरोबर हाय, पण चार वर्षं झाली ओ. तो अर्ज मी तिथं बसून भरीन." नोव्हेंबरमध्ये गेल्या. जाताना फाइल माझ्याकडून तपासून घेतली, हुकूमनाम्याचा एक संच सोबत नेला आणि एक काकांच्या कपाटात ठेवला.